शब्द तेच, पण चाल ही नाही

अर्धवट आठवणाऱ्या गाण्याचा शोध एका चुकीच्या उत्तरापासून खरा सुरू होतो. आपण दोन शब्द, एक आवाज, एखादं वर्ष सांगून विचारतो. कुणी अनोळखी माणूस वेळ काढून उत्तर देतो, आपण ते गाणं लावून ऐकतो आणि कळतं की हे ते नव्हे. पुष्कळ शोध इथेच संपतात. विचारणारा "नाही, हे नाही" एवढं लिहून थांबतो, आणि सांगणाऱ्याला आपण नेमके कुठे चुकलो ते कळत नाही, म्हणून तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. वास्तविक त्या चुकीच्या उत्तरातून विचारणाऱ्याला एक मोलाची गोष्ट मिळालेली असते. आपण दिलेल्या खुणा दुसऱ्या एका गाण्यालाही तंतोतंत लागू पडतात, हे त्याला प्रथमच समजलेलं असतं. म्हणून पुढची खूण अशी हवी, की जिच्या बाबतीत ती दोन गाणी एकमेकांपासून वेगळी पडतील. या प्रकरणात सांगायचं आहे ते एवढंच, आणि त्यासाठी वऱ्हाडातली दोन उदाहरणं घेतो.

पहिलं उदाहरण मुर्तिजापूरशी जोडलेलं आहे. अकोला जिल्ह्यातल्या या गावी २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे जन्मले. ते वाढले नागपुरात, नोकरी आणि गाणं केलं पुण्यात. तरी अकोल्याकडचा माणूस त्यांना "आपले मुर्तिजापूरचे" म्हणतो. समजा, अकोल्यातल्या एका मुलीला तिचे वडील गुणगुणायचे ते गाणं हवं आहे. वडील आता नाहीत. घरात एक जुनी कॅसेट होती, तीही गेली. मुलीला आठवतं ते असं: नाटकातलं पद होतं, पुरुषाचा आवाज होता, 'मकरंद' हा शब्द होता आणि फिरून फिरून ताना होत्या. एवढ्या खुणा तिने लिहिल्या. एका अनोळखी गृहस्थाने लगेच 'कट्यार काळजात घुसली' नाटकातलं 'घेई छंद मकरंद' सुचवलं आणि प्रसाद सावकारांनी गायलेलं ध्वनिमुद्रण पाठवलं.

उत्तर अगदी वाजवी होतं. हे नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. पदं त्यांचीच, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि नाट्यसंपदेने २४ डिसेंबर १९६७ रोजी त्याचा पहिला प्रयोग केला. शब्द जुळतो, पुरुषाचा आवाज जुळतो, नाट्यपद जुळतं. तरी मुलीने ऐकलं आणि तिला पहिल्या ओळीतच परकं वाटलं. शब्द तेच होते, वडिलांची चाल मात्र ही नव्हती.

ज्याला हे नाटक ठाऊक आहे त्याला इथे काय झालं ते चटकन कळेल. 'कट्यार' ही दोन गायकींची झुंज आहे. एकीकडे पंडित भानुशंकर, दुसरीकडे खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. राजगायकाचं पद कुणाला मिळतं आणि हरलेल्या घराण्याचं पुढे काय होतं, यावर सगळं नाटक उभं आहे. दोन गायकींमधला फरक प्रेक्षकाच्या कानाला नुसत्या संवादांनी पटत नाही. म्हणून अभिषेकीबुवांनी हेच शब्द दोन वेगळ्या रागांत बांधले. प्रसाद सावकारांनी गायलेलं पद धानी रागात आहे. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव करायचे, त्यांच्या तोंडचं पद सालगवराळीत आहे. तेव्हा एकाच नाटकात, एकाच संगीतकाराचं, एकाच शब्दांचं हे पद दोनदा आहे आणि दोन्ही वेळी ते वेगळं गाणं आहे. शब्दांवरून शोधणाऱ्याला ही दोन कधीच वेगळी करता येणार नाहीत. आणखी ओळी आठवून दिल्या तरी उपयोग नाही, कारण त्याही दोन्हीकडे त्याच.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात, तर त्याच जातीच्या खुणा वाढवतात: आवाज भारदस्त होता, तबला छान होता, वडील फार तल्लीन व्हायचे. हे सगळं खरं असेल, पण दोन्ही गाण्यांना लागू आहे. वेगळं पाडणारी खूण सुरांत आहे, आणि ती सांगायला गाणं शिकलेलं असण्याची गरज नाही. घरात किंवा गावच्या भजनी मंडळात पेटी असली म्हणजे पुरे.

पेटीवर ते असं तपासावं. आधी गाण्याचा सा शोधायचा. गुणगुणताना ओळ संपते, जीव शांत होतो आणि पुढे काही गावंसं वाटत नाही, तो सूर बहुधा सा असतो. तो पेटीवर सापडला की त्याला लगेच लागून असलेली वरची पट्टी बघायची, मग ती काळी असो की पांढरी. पांढरी एक सा धरली तर ती काळी एक येते. हा कोमल रिषभ. आता ध्रुपदाची ओळ सावकाश वाजवून बघायची आणि विचारायचं: ही पट्टी लागते का? धानी रागात रिषभच नाही. त्याचे सूर पाचच आहेत: सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. साच्या वर जाताना धानी मधल्या जागा ओलांडून थेट कोमल गंधारावर जातो, म्हणून ती चाल मोकळी आणि उमदी वाटते. सालगवराळीत मात्र कोमल रिषभ आहे. साला चिकटलेला तो सूर लागतो तेव्हा चालीत एक प्रकारची व्याकुळता येते, तोडीची आठवण होते. म्हणजे एका पट्टीच्या प्रश्नावर दोन गाणी अलग होतात.

यात चूक कुठे होऊ शकते तेही बघायला हवं. गुणगुणताना आपण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो आणि त्या घसरणीत रिषभ नुसता वाटेत येऊन जातो. तो धरायचा नाही. चाल ज्या सुरावर क्षणभर थांबते तेच सूर मोजायचे. दुसरं, नाट्यपदात तानांच्या भरात गायक दुसऱ्या रागाची छाया आणतो, म्हणून तपास ध्रुपदापुरताच ठेवावा. तिसरी गोष्ट कॅसेटची. "गाणं काळी चारमध्ये होतं" अशी खूण पुष्कळ जण देतात, ती कामाची नसते. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर मंदावली की फीत हळू सरकते आणि सगळं गाणं खाली उतरतं. वेगाने फिरली की वर चढतं. त्यामुळे पट्टी बदलते. सुरांमधली आपसातली अंतरं मात्र तशीच राहतात. म्हणून खूण द्यायची ती अंतरांची, पट्टीची नव्हे.

गाणं ओळखणारी फोनवरची बरीच साधनं इथे का अडतात, तेही याच ठिकाणी लक्षात येतं. वाजणारं गाणं ऐकून नाव सांगणारं साधन मुळात गाणं ओळखत नाही, एक विशिष्ट ध्वनिमुद्रण ओळखतं. त्या मुद्रणातल्या ठळक ध्वनींचा एक ठसा त्याच्याकडे साठवलेला असतो आणि ऐकलेला तुकडा त्या ठशाशी पडताळला जातो. वडिलांचं गुणगुणणं, गावातल्या गायकाने गणेशोत्सवात म्हटलेलं पद, वेग बिघडलेली कॅसेट यांचा ठसा कुठेच साठवलेला नसतो. तिथे माणसाचा कान लागतो, आणि त्या कानाला नीट खूण लागते.

आता त्या मुलीच्या हाती चालीची खूण आली. तिच्याकडे आणखी एक खूण होती, जी तिने पहिल्यांदा लिहिलीच नव्हती: वडील म्हणायचे, "हे आपल्या मुर्तिजापूरच्या माणसाचं." ही खूण मोठी वाटते आणि बहुधा खरीही असते, पण ती देताना एक पथ्य पाळावं लागतं. ही तिने स्वतः ऐकलेली गोष्ट नाही, वडिलांनी सांगितलेली आहे. आपल्या मुलखातल्या मोठ्या माणसाच्या नावावर दुसऱ्याचं गाणं जाऊन बसणं ही नेहमीची गोष्ट आहे. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांच्या बाबतीतही असंच होतं. कुठलीही रुबाबदार गझल कानावर पडली की ती त्यांचीच असणार असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात. म्हणून प्रत्येक खुणेसोबत ती कुठून आली हे लिहिलं पाहिजे. मी कानाने ऐकलं ते एक, कुणी सांगितलं ते दुसरं आणि मला वाटतं ते तिसरं. शोधणारा माणूस मग कुठल्या खुणेवर किती भार टाकायचा ते स्वतः ठरवू शकतो. तिन्ही एका सुरात लिहिल्या की एका चुकीच्या आठवणीपायी बरोबर उत्तर बाजूला पडतं.

त्यातच २०१५ चा एक प्रश्न आहे. त्या वर्षी 'कट्यार काळजात घुसली' चित्रपट आला. सुबोध भावे यांनी तो दिग्दर्शित केला, आणि नाटकातली पदं राहुल देशपांडे, महेश काळे, शंकर महादेवन यांच्या आवाजांत पुन्हा घरोघरी पोचली. राहुल हे वसंतरावांचे नातू. आठवण अशी असते, की नंतर ऐकलेलं आधीच्या ऐकलेल्यावर चढतं. वडिलांची चाल म्हणून आपण आज जी गुणगुणतो आहोत तिच्यात चित्रपटगृहात ऐकलेला एखादा आलाप मिसळलेला असणं सहज शक्य आहे. तेव्हा "मी नंतर चित्रपटही पाहिला आहे" किंवा "पाहिलेला नाही" हे सांगणं हीसुद्धा खूण आहे.

हे सगळं जमेस धरून तिचं उत्तर असं व्हावं:

"नमस्कार भाऊ. तुम्ही वेळ काढून शोधलंत आणि गाणं पाठवलंत, मनापासून आभार. पद हेच आहे, शब्द तंतोतंत जुळतात, त्यामुळे नाटक तुम्ही बरोबर ओळखलंत. चाल मात्र वेगळी आहे. बाबा म्हणायचे त्यात पहिल्याच ओळीत साला लागून असलेला सूर येतो आणि चाल तिथे जराशी थांबते. पेटीवर पांढरी एक सा धरली तर काळी एक वाजवावी लागते. तुम्ही पाठवलेल्या गाण्यात ती पट्टी कुठेच लागत नाही. पेटीवर वाजवलेली ओळ आणि माझं गुणगुणणं असा छोटासा तुकडा सोबत जोडते. कॅसेट आमच्या घरी १९९० च्या आधीची होती, हे नक्की. गाणारे मुर्तिजापूरचे, असं बाबा सांगायचे. ते मी स्वतः कुठे वाचलेलं नाही. नंतर चित्रपटही पाहिला आहे, म्हणून माझ्या गुणगुणण्यात थोडी सरमिसळ असू शकते. याच पदाची दुसरी चाल तुमच्या ऐकण्यात आहे का?"

या उत्तराची सुरुवात जुळणाऱ्या गोष्टीने होते, आणि ती केवळ सभ्यपणाची बाब नाही. "पद हेच" एवढं कळलं की सांगणाऱ्याला नाटक सोडून भलतीकडे जावं लागत नाही. शोधाचा अर्धा भाग निश्चित होतो. "नाही, चुकलं" असं लिहिलं असतं तर तो 'कट्यार' सोडून मकरंद शब्द असलेल्या सगळ्या नाट्यपदांमागे धावला असता, म्हणजे होतं त्याहून मागे गेला असता. मग फरक सांगितला आहे तो एकच, पण पारखून घेता येईल असा. "ते गाणं जास्त भावपूर्ण होतं" हे वाक्य कुणालाही पारखता येत नाही. काळी एक लागते की नाही हे पेटी असलेला कुणीही अर्ध्या मिनिटात बघू शकतो. शेवटचा प्रश्नही हो-नाहीत उत्तर देता येईल असा आहे. या पत्रावरून जाणकार माणूस वसंतरावांच्या सालगवराळीपर्यंत पोचेल. राग ओळखता येत नसला तरी दोन मुद्रणं शेजारी शेजारी लावून ऐकेल आणि पट्टी कुठे लागते ते सांगेल.

दुसरं उदाहरण अमरावतीचं. तिथे चालीची खूणच फसवते.

वऱ्हाडात गावोगाव खंजिरीवर भजनं म्हणणारी मंडळं आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यावलीचे, जन्म १९०९ चा. त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि १९६८ मध्ये तिथेच ते वारले. मराठी आणि हिंदी अशी त्यांची भजनं अक्षरशः तोंडातोंडी आहेत. कुणी एक जण विचारतो: आजी पहाटे एक भजन म्हणायची, त्यात माणसाने आधी मन झाडून काढावं अशा अर्थाचं काही होतं, शेवटी 'तुका म्हणे' होतं. सांगणारा अर्थातच तुकारामांच्या गाथेत शोधतो, अर्थ बऱ्यापैकी जुळणारा एक अभंग काढून देतो. विचारणारा वाचतो आणि म्हणतो, हा नाही.

इथे दोन गाण्यांमध्ये काय सारखं आहे? विषय सारखा, भाषा मराठी, आणि कानाला ऐकू आलेली नाममुद्राही जवळजवळ सारखी. भजनी ठेका तर दोन्हीकडे असू शकतो, म्हणून तो सांगून फायदा नाही. चाल सांगितली तर उलट दिशाभूल होते, कारण भजनी मंडळं एका प्रचलित चालीवर अनेक भजनं म्हणतात. भजनांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचं नाव छापलेलं असतं ते त्याचसाठी. आजीची चाल हुबेहूब जुळली तरी भजन निराळं निघेल.

वेगळी पाडणारी खूण नाममुद्रेतच आहे, पण ती ऐकू आली तशी मांडली गेली तर. तुकडोजी महाराज आपल्या रचनेत 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास' अशी मुद्रा घालतात. पहाटेच्या अंधारात, खंजिरीच्या आवाजात, दातांत पदर धरून म्हणणाऱ्या आजीच्या तोंडचं 'तुकड्या म्हणे' नातवाच्या कानाला 'तुका म्हणे' होतं, कारण तो शब्द त्याच्या ओळखीचा आहे. कान अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसवतो. म्हणून उत्तरात लिहायचं ते असं: "तुम्ही दिलेला अभंग अर्थाने जवळचा आहे. आजी 'तुका'च्या पुढे आणखी काहीतरी म्हणायची, मला ते नीट आठवत नाही, पण तो शब्द जरा लांब होता आणि त्यापाठी ओळ संपायची." आठवलेला शब्द दुरुस्त करून, शुद्ध करून लिहिण्याचा मोह इथे आवरायला हवा. अर्धामुर्धा, वेडावाकडा ऐकू आलेला शब्द हाच शोधणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाचा.

आणखी एक खूण भाषेची. सतराव्या शतकातल्या तुकोबांच्या अभंगात ग्रामसुधारणा, समिती असे शब्द येणार नाहीत. तुकडोजींच्या भजनात ते सहज येतात, कारण त्यांना गाव उभं करायचं होतं. आजीच्या भजनातला एखादाच नवा शब्द आठवला तरी प्रश्न सुटतो. उलट, नातू जर म्हणाला की आजी हे गाडगेबाबांच्या कीर्तनात शिकली, तर पारडं पुन्हा तुकोबांकडे झुकतं. १९५६ मध्ये वारलेल्या बाबांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग सतत यायचे, आणि ते ऐकून ज्यांना पाठ झाले अशी माणसं या भागात घरोघर होती. म्हणजे गाणं कुणाच्या तोंडून शिकलं, ही माहिती कधीकधी गाण्याच्या शब्दांइतकी महत्त्वाची ठरते.

दोन्ही उदाहरणांत समान असलेली आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे गाणी ध्रुपदाच्या पहिल्या शब्दांवरून लावलेली असतात. पुस्तकांच्या सूचीत, आकाशवाणीच्या निवेदनात आणि ध्वनिमुद्रिकेच्या कव्हरवरही. आठवतो मात्र बहुधा अंतरा, नाहीतर मधलाच एखादा शब्द. म्हणून उत्तर लिहिताना आठवलेला शब्द ध्रुपदातला की अंतऱ्यातला हे सांगावं. ठाऊक नसेल तर निदान तो पुन्हा पुन्हा येत होता की एकदाच आला, हे तरी सांगावं. पुन्हा येणारा शब्द ध्रुपदातला असण्याची शक्यता फार मोठी. 'मकरंद' पुन्हा पुन्हा येत होता, एवढं मुलीने पहिल्याच वेळी लिहिलं असतं तरी पद ओळखायला मदत झाली असती. चाल वेगळी निघाली असती ती निघालीच असती.

आणि गाणं सापडलं, की उत्तर एक वेळ आणखी लिहायचं असतं. ते बहुतेक जण लिहीत नाहीत. सापडलेलं गाणं कोणतं, कुणी गायलं, कुठल्या नाटकातलं किंवा पुस्तकातलं, यासोबत कोणत्या खुणेने ते सापडलं आणि आपली कोणती खूण चुकीची निघाली, हे त्या अनोळखी माणसाला जरूर कळवावं. चुकीचं सुचवलेलं गाणंही त्यात नावानिशी राहू द्यावं. धानी आणि सालगवराळीच्या याच घोटाळ्यात पुढचा कुणीतरी अडकणार आहे, त्याला ते उपयोगी पडेल.